लग्नाच्या सकाळी वधूला द्यायचं हस्तलिखित पत्र: मदत हवी आहे (पुणे)

चाकण_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझं लग्न पुढच्या रविवारी आहे, म्हणजे हातात बारा दिवस आहेत. एरंडवण्यातलं कार्यालय, मुहूर्त सकाळी 11:20 चा. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आहे आणि दोन्हीकडची मंडळी रात्री तिथेच मुक्कामाला असणार.

मला तिला स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र द्यायचं आहे आणि ते तिने लग्नाच्या सकाळी वाचावं अशी मनापासून इच्छा आहे. अडचण अशी की माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मोबाइलवर मराठी भराभर टाइप करतो, पण दहावीनंतर कागदावर देवनागरी लिहिलेलं नाही. ती मात्र शाळेत मराठी शिकवते. काल दोन तास बसलो. अक्षर वरखाली जातं, ओळी एकमेकींत घुसतात आणि मजकूर वाचला तर माझा वाटतच नाही. सुरुवात अशी केली आहे:

"प्रिय, तू आलीस आणि माझ्या आयुष्याच्या कोऱ्या कॅनव्हासवर इंद्रधनुष्याचे रंग उमटले. तुझ्याविना मी अपूर्ण होतो."

कागद, पेन, मजकूर, मायना, केव्हा द्यायचं, सगळ्याबद्दल सांगा. खरंच हवं आहे.

नाना_शनिवारपेठ

अभिनंदन! मायन्यात चूक करू नका. वर मध्यभागी ॥ श्री ॥, उजवीकडे तारीख आणि सुरुवात "चि. सौ. कां." अशी. लग्नाआधी नुसतं "सौ." लिहीत नाहीत, कारण ती अजून सौभाग्यवती व्हायची असते. शेवटी "कळावे, लोभ असावा" हवंच.

पूर्वा_डी

मजकूर हवा असेल तर आमच्या पत्रिकेचा पाठवू शकते. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" ने सुरू होणारा नको होता म्हणून आम्ही साधा लिहिला होता. पण बारा दिवसांत छापून, वाटून होईल का?

चाकण_कोथरूड

पूर्वाताई, पत्रिका वाटून झाल्या. हे फक्त तिच्यासाठीचं खासगी पत्र आहे.

टीपकागद

मी अनेक वर्षं मुलांना आणि मोठ्यांना मराठी सुलेखन शिकवते आहे, म्हणून आधी अक्षराबद्दल सांगते. मजकुराकडे नंतर येईन.

तुमच्या ओळी वरखाली जातात याचं कारण बहुतेक हे आहे की तुम्ही इंग्रजीच्या सवयीने अक्षर रेघेवर बसवताय. देवनागरी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लटकतं. शिरोरेषा छापील रेघेवर यायला हवी आणि अक्षर तिच्याखाली उतरायला हवं. एवढा एक बदल करून आज पानभर लिहून बघा. पहिल्या दहा ओळी हात अडखळेल, मग त्याला वळण कळेल. आणि शिरोरेषा एकेक शब्द पुरा झाला की त्यावर द्या. ओळभराची शेवटी एकदम ओढली की ती तिरकी होते.

ओळी एकमेकींत घुसतात ते अंतर कमी पडल्यामुळे. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात आणि खाली उकार. वरच्या ओळीतला "तू" चा उकार खालच्या ओळीतल्या "की" च्या वेलांटीला भिडतो. वहीच्या आठ मिलिमीटरच्या रेघा मोठ्या माणसाच्या हाताला पुरत नाहीत. बारा मिलिमीटर अंतर ठेवा. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने बारा-बारा मिलिमीटरवर रेघा मारा आणि तो कागद पत्राच्या कागदाखाली ठेवून लिहा. 100 जीएसएमचा बाँड असेल तर रेघा वरून अंधूक दिसतात. पत्रावर स्वतः रेघा मारायची गरज पडत नाही.

कागद ए-फाइव्ह घ्या, म्हणजे नेहमीच्या ए-फोरचा अर्धा. समास सोडून एका पानावर साधारण चौदा ओळी बसतात आणि ओळीत सहाएक शब्द. म्हणजे पानाला ऐंशी-नव्वद शब्द. तीन पानं भरपूर झाली. त्या सकाळी तिला एवढंच वाचता येणार आहे. पाठपोट लिहू नका, शाई मागून दिसते. आणि दुसरा फायदा असा की चूक झाली तर ते एकच पान पुन्हा लिहायचं. खाडाखोड करून पांढरं लावू नका.

पिंपळपान

कागद हातकागदच घ्या! शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची, तिथे सुंदर कागद मिळतात. फुलांच्या पाकळ्या घातलेलेसुद्धा. आणि शाईपेनाने लिहा, दुसरं काही शोभत नाही.

टीपकागद

पिंपळपान, संस्था उत्तम आहे, मी स्वतः तिथून कागद आणते. पण प्रत्येक हातकागद शाईपेनाला चालत नाही. ज्याला खळ नीट बसलेली नसते त्यावर शाई फुटते, अक्षराला केसासारखे तंतू येतात. पाकळ्यांवरून तर निब अडखळतं. म्हणून आधी एकच ताव घ्या, कोपऱ्यात तुमच्या पेनाने "क्ष" आणि "ज्ञ" लिहा आणि दहा मिनिटांनी बघा. कडा स्वच्छ राहिल्या तर घ्या. जाड कागदातून खालच्या रेघा दिसणार नाहीत, तेव्हा पेन्सिलीने अगदी हलक्या रेघा मारून लिहायचं आणि एक पूर्ण दिवस वाळल्यावर खोडायच्या. लवकर खोडलं तर शाई पसरते.

ज्याला बारा दिवसांत हात बसवायचा आहे त्याला मी साधा बाँडच सुचवेन. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही मोठ्या दुकानात सुटा मिळतो.

शाईचं मात्र ऐका. शाळेत वापरतो ती धुतली जाणारी निळी शाई नको. त्या दिवशी वधूचा हात ओला असतो, डोळे ओले असतात. एका थेंबात ओळ जाते. शाईपेन नवीन असेल आणि सवय नसेल तर चांगल्या जेलपेनाने लिहा, त्यात कमीपणा काही नाही. जी शाई घ्याल तिची परीक्षा एकच: चार शब्द लिहा, दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा थेंब टाका, मिनिटभराने टिपा. शब्द वाचता आला पाहिजे.

मायन्याबद्दल नाना अर्धं बरोबर सांगताहेत. लग्नाआधी "सौ." नाही, हे खरं. पण "चि. सौ. कां." मध्ये "चि." आहे, तो वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना लावायचा. पत्रिकेत आईवडील किंवा आजोबा निमंत्रण देतात म्हणून तिथे तो शोभतो. वराने वधूला "चिरंजीव" लिहिणं म्हणजे आशीर्वाद देण्यासारखं होतं. नुसतं तिचं नाव लिहावं.

नाना_शनिवारपेठ

चि. चा मुद्दा मान्य. माझ्या डोळ्यांसमोर पत्रिकाच होती. ॥ श्री ॥ मात्र असू द्या, मंगल दिवस आहे.

सासवडची_लेक

तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या लग्नात ह्यांनी मला असंच पत्र लिहिलं होतं. सकाळच्या गडबडीत स्वतः खोलीपाशी येता येईना म्हणून त्यांनी ते एका आतेभावाच्या हातात दिलं. पाकीट पांढरं, लांबट, वर नाव नाही. त्याला वाटलं आहेर आहे. त्याने ते आहेराच्या पिशवीत टाकलं. आम्ही परत येईपर्यंत घरच्यांनी पाकिटं तशीच ठेवली होती. चौथ्या दिवशी आहेर लिहून घेताना माझ्या नणंदेने ते फोडलं आणि पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. तिला काय माहीत! मग ती थांबली, कागद घडी करून माझ्या हातात दिला. खोलीत सगळे होते. पत्र सुंदर होतं हो. त्यात लिहिलं होतं, "आता थोड्या वेळाने अंतरपाट धरतील, तेव्हा मी पलीकडे उभा असेन." मी ते वाचलं तेव्हा अंतरपाट उतरून चार दिवस झाले होते. अजून जपून ठेवलंय, पण त्या ओळीपाशी दर वेळी वाईट वाटतं.

रंगरेषा_मेकअप

मी वधूचा मेकअप करते, कार्यालयांतलं सकाळचं वेळापत्रक तोंडपाठ आहे, म्हणून वेळेपुरतं लिहिते.

11:20 चा मुहूर्त असेल तर वधू साडेपाच-सहाला उठते. मी साडेसहा-सातला खोलीत येते. केस, चेहरा, मग नऊवारी नेसवणं, दागिने, मुंडावळ्या. दहा-सव्वादहाला तिला गौरीहरापाशी बसवतात. तिथून मामा बोहल्यावर नेईपर्यंत ती अक्षता वाहत बसलेली असते आणि भोवती बायका असतात. म्हणजे तिला एकटीला मिळणारा वेळ एकच, अंघोळ झाल्यावर आणि मी डोळ्यांना हात लावण्याआधी. सव्वासहा ते पावणेसात धरा. चहा येतो तेव्हा.

काजळ-लायनर झाल्यावर पत्र दिलंत तर दोन गोष्टी होतात. एक तर ती रडू दाबून वाचते, म्हणजे वाचतच नाही. नाहीतर रडते आणि आम्हाला डोळे पहिल्यापासून करावे लागतात, अर्धा तास जातो, मागे गुरुजी "वधूला आणा" म्हणून ओरडत असतात. एकीला मी गौरीहरावर पत्र दिलेलं पाहिलंय. हळदीकुंकवाचे हात, कागदावर पिवळी बोटं उमटली, घडी करून ठेवायला जागा नाही, शेवटी शालूच्या निऱ्यांत खोचलं.

आणि मजकुरात दुःखाचं काही असेल तर आधीच विचार करा. पाठवणी संध्याकाळी असते, पण ती मनात सकाळपासून सुरू असते.

चाकण_कोथरूड

तुमच्या सगळ्यांचे किती आभार मानू! सासवडताई, तुमची ओळ वाचून पोटात कालवलं. पाकीट गडद रंगाचं घेतो आणि वर नाव मोठं लिहितो. माझी धाकटी बहीण करवली आहे, तीच सव्वासहाला तिच्या हातात देईल. मधे तिसरा कोणी नाही.

रेघेला लटकवायचं जमलं! काल पाच पानं लिहिली, फरक मलाच दिसतो.

आता मजकूर. दुसरा खर्डा असा:

"तू आलीस आणि सगळं बदललं. तुझं हसू मला खूप आवडतं. तू खूप प्रेमळ आणि समजूतदार आहेस. आता तू माझ्या घरी येणार आहेस. आईची अजिबात काळजी करू नकोस, मी आहे."

तिचे बाबा नाहीत. आई धनकवडीला एकट्याच राहणार आहेत, म्हणून शेवटची ओळ.

टीपकागद

यातलं एक वाक्यही खोटं नाही, पण पाकिटावरचं नाव बदललं तर हे पत्र कुणालाही चालेल. मला सांगा, तिला तुम्ही पहिल्यांदा "तू" कधी म्हणालात?

चाकण_कोथरूड

पालखीच्या दिवशी. आमचं ठरून महिना झाला होता, तोवर दोघंही "तुम्ही"च म्हणत होतो. डेक्कनला भेटायचं ठरलं आणि रस्ते बंद. मी गाडी लांब लावून चालत गेलो. ती शाळेतल्या मुलांबरोबर फर्ग्युसन रस्त्यावर वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटत होती. माझ्या हातात खोकं दिलं आणि म्हणाली, "धरा जरा." मी अडीच तास ते खोकं धरून उभा. पाऊस आला तेव्हा तिने छत्री स्वतःवर न धरता खोक्यावर धरली. लाडू संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, तू जेवलास का?" तिला कळलंही नाही की ती "तू" म्हणाली. मी काही बोललो नाही, पण तो क्षण माझ्यासाठी फार मोठा होता. तिला हे मी कधी सांगितलेलं नाही.

टीपकागद

हे तुमचं पहिलं पान. आत्ता इथे लिहिलंत तसंच लिहा, "छत्री खोक्यावर धरली" हे गाळू नका. "प्रेमळ", "समजूतदार" ही विशेषणं काढून टाका, छत्रीत दोन्ही आलं. आणि तुम्ही तिला कधी न सांगितलेली गोष्ट त्यात आहे. पत्रात तीच शोधायची असते.

दुसऱ्या पानाबद्दल. "तू माझ्या घरी येणार आहेस" हे वाक्य त्या सकाळी टोचेल. घर सोडायच्या दिवशी तिला कुणाचं तरी घर दाखवू नका. "आपण" वापरता येईल अशी वाक्यं करा. आणि "काळजी करू नकोस" म्हटल्याने कुणाची काळजी थांबत नाही. आईसाठी तुम्ही नेमकं काय करणार ते एका ओळीत लिहा, वार-वेळेसकट. पाळता येईल तेवढंच. ही ओळ ती पुढे अनेक वर्षं वाचणार आहे.

चाकण_कोथरूड

"दर गुरुवारी संध्याकाळी आपण दोघं आईंकडे जेवायला जाऊ." असं चालेल?

टीपकागद

चाकणला तुमची शिफ्ट असते ना? दर गुरुवारी जमेल?

चाकण_कोथरूड

नाही. एक आठवडा आड दुसरी शिफ्ट असते, घरी यायला रात्रीचे साडेअकरा होतात. मग "दर रविवारी सकाळचा चहा आपण आईंकडे घेऊ" असं लिहितो. रविवार माझा कायम सुट्टीचा.

सासवडची_लेक

चहाच लिहा, जेवण नको. जेवण म्हटलं की त्या बिचाऱ्या शनिवारपासून तयारीला लागतील.

नाना_शनिवारपेठ

असं वचन लिहून देण्याआधी स्वतःच्या आईशी बोललात का? रविवारी घरी पाहुणे असतात, सणवार असतात. नंतर सुनेच्या नावावर बोट येतं. आईला पत्र दाखवा असं म्हणत नाही, पण रविवारचं कानावर घाला.

पूर्वा_डी

नाना, माझं मत वेगळं. नवऱ्याने बायकोला दिलेलं वचन आधी सासूच्या परवानगीला का जावं? त्याने ठरवलंय तर त्यानेच पाळायचं.

नाना_शनिवारपेठ

परवानगी नव्हे हो, कल्पना देणं. एका घरात राहायचं तर फरक असतो.

चाकण_कोथरूड

आईशी बोलेन. मला नानांचं पटतंय, पण बोलण्याचा सूर पूर्वाताई म्हणतात तसा ठेवेन: विचारणार नाही, सांगणार.

आता सर्वांत अवघड. तिच्या बाबांचा उल्लेख करावा का? त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मी त्यांना भेटलेलो नाही. कन्यादानाला काका-काकू बसणार आहेत.

रंगरेषा_मेकअप

माझं प्रामाणिक मत, नको. त्या सकाळी ती आठवण येणारच आहे. तुमच्या पत्राने ती सव्वासहाला यावी आणि दिवसभर डोळे सुजलेले राहावेत, असं नको. नंतर कधीही बोलता येईल.

सासवडची_लेक

मला उलट वाटतं. माझेही वडील नव्हते. त्या दिवशी सगळे जण त्यांचं नाव टाळत होते, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. एक ओळ कुणी लिहिली असती तर बरं वाटलं असतं. लांबण नको, "आज त्यांची आठवण येईल" असंही नको, ते तिला माहीत आहे. तुम्हाला त्यांच्याबद्दल तिच्याकडून कळलेली एखादी साधी गोष्ट असेल तर ती लिहा.

चाकण_कोथरूड

तिने सांगितलं होतं की ते तिच्या सायकलच्या घंटीला दर दिवाळीला तेल घालायचे. ती सायकल अजून त्यांच्या जिन्याखाली आहे.

टीपकागद

मला यात ठाम सांगता येत नाही. तिला तुम्ही ओळखता. दुसरं पान दोन्ही प्रकारे लिहून ठेवा. पानं सुटी आहेत, पाकीट बंद करायच्या वेळी ठरवा.

अंतिम प्रत मात्र बुधवारपर्यंत संपवा. शनिवारी रात्री लिहायचं ठेवू नका, सीमांतपूजन आटोपून झोपायला बारा वाजतील आणि हळदीचे हात असतील. प्रत लिहिताना एका बैठकीत एकच पान. मजकूर समोर ठेवून शब्द मनात म्हणत लिहा, म्हणजे अक्षर सुटत नाही. लिहून झाल्यावर दिवसभर उघडं वाळू द्या, मग मधोमध एकच घडी. घाईत घडी घातली की समोरच्या भागावर उलटी अक्षरं उमटतात.

शुद्धलेखनात तुमच्या खर्ड्यांवरून दोन ठिकाणी जपा. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत सहसा दीर्घ: मी, की, तू, तुझी. "आणि" मात्र ऱ्हस्व. कागदावर मोबाइल शब्द सुचवत नाही, म्हणून सांगितलं. बाकी दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेऊ नका. शिक्षिका आहे, एखादी चूक सापडली तरी ती तुमची असेल.

चाकण_कोथरूड

बुधवार रात्र. तिन्ही पानं झाली. पहिलं पान चार वेळा लिहावं लागलं, "फर्ग्युसन" चा रफार दर वेळी चुकत होता. दुसरं पान दोन्ही प्रकारचं तयार आहे, खिडकीपाशी वाळत ठेवलंय. घंटीची ओळ ठेवायची की नाही हे अजून ठरत नाही. पाण्याच्या थेंबाची परीक्षा जेलपेन पास झालं, शाईपेन नापास, म्हणून जेलने लिहिलं. आईला रविवारचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पहिल्या रविवारी मीही येते."

एकच राहिलं. पाकिटावर काय लिहू? ती लग्नानंतर नाव-आडनाव बदलणार नाही. पूर्ण नाव लिहिलं तर शाळेच्या हजेरीसारखं दिसतंय.

नाना_शनिवारपेठ

आडनाव नको. नुसतं नाव.

सासवडची_लेक

ज्या नावाने हाक मारता तेच. पण मोठं लिहा हो, आहेर वाटता कामा नये.

चाकण_कोथरूड

लिहिलं. रेघेला लटकवून.